खालचा चौथा दात: जबड्याच्या फोटोवर नावं लावण्याच्या प्रकल्प नोंदी

१६ जून

काम असं ठरलं: परळच्या शाळेतल्या विज्ञान कोपऱ्यासाठी जबड्याच्या प्रतिकृतीचा ए-थ्री आकाराचा फोटो-तक्ता करायचा. प्रत्येक दातावर मराठी नाव आणि त्या दाताचं काम लिहायचं. मुलांनी तक्त्यासमोर उभं राहून जिभेने स्वतःचे दात चाचपावेत आणि ते तक्त्यावर सापडावेत, एवढी अपेक्षा.

प्रतिकृती ब्रश कसा करायचा हे दाखवण्यासाठी वापरतात तीच आहे: गुलाबी हिरड्या, पांढरे प्लास्टिकचे दात, मागे बिजागरी. आकार खऱ्या तोंडाच्या साधारण दुप्पट. पहिलं काम म्हणून दात मोजले. वर १४, खाली १४, म्हणजे एकूण २८. पुस्तकात मोठ्या माणसाचे ३२ दात असतात, कारण त्यात चार अक्कलदाढा धरलेल्या असतात. या प्रतिकृतीत त्या नाहीत. बाजारात ३२ दातांच्या प्रतिकृतीही मिळतात, तेव्हा दुसऱ्या कुणी हे काम करायला घेतलं तर आधी दात मोजावेत. पहिली मोठी चूक या एका आकड्यामुळेच झाली, हे पुढे दिसलंच.

नावं पाठ्यपुस्तकातलीच घेतली: पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. जबड्याच्या एका बाजूच्या अर्ध्या भागात २ पटाशीचे, १ सुळा, २ उपदाढा आणि ३ दाढा असा हिशोब पुस्तकात असतो. आपल्या प्रतिकृतीत तिसरी दाढ नाही, म्हणून २, १, २, २. अर्ध्या भागात सात दात, असे चार भाग.

१९ जून

फोटो काढले. एका फोटोत सगळं दिसणार नाही हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. समोरून काढलेल्या फोटोत पटाशीचे आणि सुळे छान दिसतात, दाढा मात्र गालाआड गेल्यासारख्या लपतात. बाजूने काढला तर दाढा दिसतात, पण त्यांचा चावण्याचा पृष्ठभाग दिसत नाही आणि नाव ओळखायला तोच लागतो. म्हणून तीन कोन ठरवले: समोरून तोंड किंचित उघडं ठेवून, उजव्या बाजूने तोंड मिटून, आणि दोन्ही जबडे वेगळे करून चावण्याच्या पृष्ठभागावर सरळ वरून.

समोरचा फोटो तोंड मिटून काढला तर खालचे पटाशीचे दात अर्धवट झाकले जातात, कारण वरचे दात त्यांच्यापुढे येतात. खऱ्या तोंडात हे झाकणं साधारण २ ते ३ मिलिमीटर असतं, या दुप्पट प्रतिकृतीत ५ च्या आसपास. मुलांना त्यामुळे खालचे दात बुटके वाटतात. जबडा दोन बोटं उघडा ठेवला की प्रश्न मिटतो.

अंतर महत्त्वाचं. फोन १५-२० सेंटिमीटरवर धरून काढलेल्या पहिल्या फोटोंत पुढचे दात अवाढव्य आणि दाढा चिमुकल्या आल्या. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि इथे पुढच्या व मागच्या दातांच्या अंतरात फरकच तेवढा असतो. फोन सव्वा-दीड हात मागे, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या आसपास ठेवून दुप्पट झूम केल्यावर प्रमाण ठीक आलं. चमकणाऱ्या प्लास्टिकवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडतो आणि दाढांवरच्या खाचा नेमक्या त्याखाली जातात. खिडकीशी टेबल ओढलं, काचेवर बटर पेपर चिकटवला आणि ट्यूब बंद केली. बाहेर पावसाळी ढगाळ उजेड होता, तो या कामाला कडक उन्हापेक्षा चांगला. खाली काळा कार्डशीट ठेवला, कारण पांढऱ्यावर पांढऱ्या दातांची कड हरवते.

आणि एक गोष्ट फोटोआधीच करून ठेवावी. प्रतिकृतीच्या उजव्या बाजूला हिरडीवर ‘उ’ लिहिलेली चिकटपट्टी लावावी. उजवी बाजू प्रतिकृतीची, आपली नाही. समोरून पाहताना ती आपल्या डाव्या हाताला येते. खालचा जबडा वरून पाहताना फोटोत पुढचे दात वरच्या बाजूला ठेवले तर उजवी बाजू उजवीकडेच राहते, आणि तोच फोटो फिरवून पुढचे दात खाली आणले तर उजवी बाजू डावीकडे जाते. वरचा जबडा आपण खालून पाहतो, त्यामुळे त्यात नेमकं उलट होतं. हे डोक्यात धरून चालायला गेलं की गोंधळ ठरलेला, चिकटपट्टी असली की विचारच करावा लागत नाही. सेल्फीचा कॅमेरा काही फोनमध्ये चित्र आरशासारखं उलटवून साठवतो. ‘उ’ उलटा दिसला की तो फोटो बाद.

२३ जून

पहिले दोन मसुदे तयार झाले, दोन वेगळ्या हातांनी केलेले. दोन्ही चुकले, पण वेगवेगळ्या कारणांनी, म्हणून ते सविस्तर नोंदवून ठेवतो. दोन्हींत खालचा उजवा भाग घेऊ.

पहिल्या मसुद्यात मोजणी मागून केली होती. शेवटच्या तीन दातांना दाढा, त्यापुढच्या दोघांना उपदाढा, मग सुळा, मग पटाशीचे, असं पुस्तकाचं ३, २, १, २ उलट लावत नेलं. दात सातच असल्यामुळे पुढे येईपर्यंत एक दात कमी पडला आणि पटाशीचा एकच उरला. एक चूक मागे झाली की तिचा धक्का पुढपर्यंत येतो: दुसरी उपदाढ ‘दाढ’ झाली, सुळा ‘उपदाढ’ झाला आणि पटाशीचा दुसरा दात ‘सुळा’. सातपैकी तीन नावं चुकली. पटाशीचा एकच दात उरणं ही चुकीची ठळक खूण होती, पण मसुदा करणाऱ्याला प्रतिकृतीतच एक दात कमी असावा असं वाटलं. दात खरोखरच कमी होता, पण तो मागचा.

दुसऱ्या मसुद्यात मोजणीच नव्हती. बाजूच्या फोटोवरून आकार बघून नावं दिली होती. तिथे खालच्या उजव्या बाजूला दोन सुळे निघाले, एकामागे एक. दुसरा ‘सुळा’ म्हणजे मधल्या रेषेपासून चौथा दात, पहिली उपदाढ. ही चूक अज्ञानाची नाही, तो दात खरोखर फसवा आहे. त्याचा गालाच्या बाजूचा उंचवटा मोठा आणि टोकदार असतो, जिभेच्या बाजूचा उंचवटा फारच लहान. बाजूने पाहिलं तर फक्त टोकदार अंग दिसतं, आणि ते हुबेहूब सुळ्यासारखं असतं.

बोलीतली सवयही इथे आड येते. घरात आपण ‘दाढ दुखते’ म्हणतो तेव्हा सुळ्यामागचा कुठलाही दात दाढच असतो. उपदाढ हा शब्द पुस्तकातच भेटतो. त्यामुळे जो दात टोकदार तो सुळा आणि जो रुंद ती दाढ, अशी दोनच खणांची विभागणी मनात आधीपासून असते आणि उपदाढांना जागाच राहत नाही.

२४ जून

नियम ठरवला: मोजणी मधल्या रेषेपासून मागे, कधीही मागून पुढे नाही. कारण पुढचे पाच दात मोठ्या माणसाच्या तोंडात ठरावीक क्रमाने येतात, संख्या बदलते ती मागे. अक्कलदाढ कुणाला असते, कुणाला नसते, कुणाची अर्धी हिरडीत अडकलेली असते. बदलणाऱ्या टोकापासून मोजायला सुरुवात केली की हिशोब बिघडणारच.

म्हणजे प्रश्न उरला मधली रेष शोधण्याचा. वर ती लगेच सापडते. दोन सगळ्यांत मोठे पटाशीचे दात शेजारी शेजारी असतात, त्यांच्यामधली फट म्हणजे रेष. खाली मात्र चारही पटाशीचे दात जवळपास सारखे असतात. उलट वरच्या जबड्यात मधला दात मोठा आणि शेजारचा लहान, तर खाली मधला किंचित लहान आणि शेजारचा किंचित मोठा. त्यामुळे मोठे दोन शोधण्याची युक्ती खाली चालत नाही. तिथे उलट वाटेने जायचं: दोन्ही बाजूंचे सुळे शोधायचे, त्यांच्यामध्ये चार सपाट धारेचे दात मोजायचे आणि दोन-दोन वाटायचे. वरच्या रेषेवरून सरळ खाली उभी रेघ ओढून खालची रेष ठरवू नये. बऱ्याच तोंडांत या दोन रेषा एकमेकींसमोर येत नाहीत, प्रतिकृतीतही बिजागरी थोडी सैल असली की त्या सरकतात.

सुळा शोधायचा तर जबड्याच्या वळणावर. पुढचे दात समोर तोंड करून असतात, मागचे बाजूला, आणि वळणाच्या कोपऱ्यावर जो उभा असतो तो सुळा. एका अर्ध्या भागात कोपरा एकच असतो, म्हणून सुळाही एकच. दुसऱ्या मसुद्यातला जोडसुळा याच एका प्रश्नाने निकालात निघाला असता.

वरून काढलेला फोटो शंका पूर्ण मिटवतो. सुळ्यावर वरून पाहिलं की एकच टोक आणि जिभेच्या बाजूला उतरता फुगवटा दिसतो. चौथ्या दातावर टोकाच्या आतल्या बाजूला एक लहानशी खाच आणि तिच्या पलीकडे बारका दुसरा उंचवटा असतो. ती खाच दिसली की ती उपदाढ.

२८ जून

मापं घेतली. प्लास्टिकची व्हर्निअर पट्टी वापरली, पुढून मागे जाणारी रुंदी मोजली. खऱ्या दातांच्या सरासरी रुंदीशी तुलना करण्यासाठी मापं निम्मी केली, आणि ती अपेक्षेप्रमाणेच आली. वरचा मधला पटाशीचा दात साडेआठ मिलिमीटर, खालचा मधला पाचच्या आसपास. खालच्या दोन्ही उपदाढा प्रत्येकी सात, आणि लगेच मागची पहिली दाढ अकरा.

सातवरून अकरावर जाणारी ही उडी फार उपयोगी आहे. दुसऱ्या उपदाढेवर खालच्या जबड्यात अनेकदा तीन उंचवटे असतात, एक गालाकडे आणि दोन जिभेकडे, त्यामुळे वरून ती छोट्या दाढेसारखी दिसते. आकाराने फसायला होतं, रुंदीने नाही. फोटोवर पट्टी ठेवली तरी चालते. पाचवा दात आणि सहावा दात यांत दीडपटीहून जास्त फरक दिसला पाहिजे. दिसला नाही तर मोजणी एका घराने सरकली आहे.

पण हीच पट्टी सुळा आणि उपदाढ वेगळे करायला वापरू नये. खालचा सुळाही साधारण सातच भरतो. तिथे मापाचा काही उपयोग नाही, कोपरा आणि खाच हेच खरं.

२ जुलै

आज नावांची पडताळणी तोंड मिटवून केली. वर आणि खाली स्वतंत्रपणे नावं लावायची आणि मग जबडे मिटून ती एकमेकांशी जुळतात का पाहायचं. एका बाजूची चूक दुसरी बाजू पकडते.

खूण अशी: नीट जुळलेल्या जबड्यात वरच्या पहिल्या दाढेचा पुढचा, गालाच्या बाजूचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या खाचेत बसतो. अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांची जुळणी ठरवायला हीच खूण घेतली आणि ती आजही वापरात आहे. पुढे आलं की दुसरी खूण सापडते: वरच्या सुळ्याचं टोक खालचा सुळा आणि खालची पहिली उपदाढ यांच्यामधल्या फटीत येतं.

पहिल्या मसुद्यात वर बरोबर आणि खाली एका घराने सरकलेली नावं होती. बाजूच्या फोटोत वरचा सुळा ‘उपदाढ’ आणि ‘उपदाढ’ लिहिलेल्या दोन दातांच्या मध्ये बसलेला दिसला. इतकी सरळ विसंगती नुसत्या खालच्या फोटोत कधीच दिसली नसती.

ही अर्ध्या दाताची सरक कुठून येते हे तक्त्यावर एका ओळीत लिहायचं ठरवलं, कारण मुलं ते विचारणारच. वरचा मधला पटाशीचा दात साडेआठचा आणि खालचा पाचचा. मधल्या रेषेपासून सुरुवात करताच वरचा दात खालच्या पहिल्याला पूर्ण झाकून दुसऱ्यावरही येतो. मग पुढे प्रत्येक वरचा दात खालच्या दोघांशी भिडतो. याला अपवाद फक्त खालचा मधला पटाशीचा आणि वरची शेवटची दाढ, त्यांना समोर एकच जोडीदार असतो. विटांच्या भिंतीत सांधे जसे एकावर एक येऊ देत नाहीत, तशी ही मांडणी आहे.

५ जुलै

आता कामं. प्रत्येक दाताखाली एक ओळ, पण ती प्रतिकृतीवर दाखवता आली पाहिजे, एवढी अट.

पटाशीचे दात. सुताराची पटाशी शेजारी ठेवून फोटो घेतला, नावातच काम आहे. दात बाजूने पाहिला तर मुळाशी जाड आणि धारेशी पातळ, पाचरीसारखा. वरच्या दातांच्या मागून खालच्यांची धार घासत जाते आणि घास कापला जातो. कात्रीची दोन पाती जशी एकमेकांसमोर आदळत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, तसंच. प्रतिकृतीत वर्तमानपत्राची पट्टी धरून मिटवलं तर ती कापली जात नाही, फक्त दुमडते, कारण प्लास्टिकच्या धारा बोथट आहेत. हा प्रयोग सोडून दिला. त्याऐवजी पेरूची फोड खाऊन उरलेल्या भागाचा फोटो घेतला. पुढच्या दातांच्या धारेच्या सरळ खुणा त्यावर स्पष्ट दिसतात. भाजलेलं कणीस हाही चांगला दाखला आहे. चौपाटीवर कणीस खाणारा माणूस दाणे पुढच्या दातांनी उपसतो, आणि ते चावायला मात्र जिभेने मागे सरकवतो.

सुळे. ‘फाडणे’ एवढंच लिहिण्यावर बराच वेळ चर्चा झाली. कुत्र्याचा सुळा इतर दातांच्या पुढे दूरवर येतो, माणसाचा जेमतेम बाहेर असतो. ऊस सोलताना किंवा सुका बोंबील ओढून तोडताना आपण सुळ्याचा आधार घेतो हे खरं आहे. पण त्याचं दुसरं काम तक्त्यावर आलंच पाहिजे. तोंडातलं सगळ्यांत लांब मूळ सुळ्याचं असतं, वरच्या सुळ्याची मुळासकट लांबी २६ ते २७ मिलिमीटर भरते. कोपऱ्यावर असल्यामुळे खालचा जबडा बाजूला सरकताना अनेकांच्या तोंडात वरचा आणि खालचा सुळा एकमेकांवर घासतात, आणि त्या घसरणीमुळे मागच्या दाढा एकमेकींपासून सुटतात. बाजूचा रेटा लांब मुळाचा सुळा घेतो, दाढांवर तो येत नाही.

हे बिजागरीच्या प्रतिकृतीत दिसत नाही, कारण बिजागरी फक्त उघडते आणि मिटते. मागची पिन काढून खालचा जबडा हातात घेतला, दात जुळवले आणि हळूच उजवीकडे सरकवला. साधारण पाच मिलिमीटर सरकल्यावर उजवे सुळे एकमेकांच्या टोकांवर आले आणि दाढांमध्ये पातळ फट दिसली. पिन काढताना पेचकस उलटा फिरवून जोर दिला तर प्लास्टिकची कानपट्टी तडकते, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

हत्तीचे सुळे हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवलं: मराठीत त्यांना सुळे म्हणतात, पण ते वरच्या जबड्यातले वाढलेले पटाशीचे दात आहेत.

९ जुलै

उपदाढा आणि दाढा. इथे कार्बन पेपरने सगळं सोपं केलं. दंतवैद्य दात कुठे टेकतात हे पाहायला रंगीत कागद दातांत धरायला लावतात, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. दादरला स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा साधा कार्बन पेपर दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांत कापला, शाईची बाजू खाली ठेवून खालच्या दातांवर अंथरला आणि वरचा जबडा हाताने दाबला. गुळगुळीत प्लास्टिकवर शाई धरत नव्हती. दात आधी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे केले तेव्हा ठिपके उमटले. पुढच्या वेळी कागद उलटा घालून वरच्या दातांवरचे ठिपके घेतले.

ठिपक्यांनी जे सांगितलं ते असं. खालच्या पटाशीच्या दातांवर जवळजवळ काहीच नाही. उपदाढांवर प्रत्येकी एखाद-दुसरा ठिपका, बहुतेक गालाच्या बाजूच्या उंचवट्यावर. दाढांवर ठिपक्यांचा पुंजका: खालच्या दाढेत गालाकडचे उंचवटे आणि मधला खळगा, वरच्या दाढेत टाळूकडचे उंचवटे आणि मधला खळगा. म्हणजे वरच्या दाढेचा आतला उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो. खलबत्त्यात बत्ता बसतो तसा, फरक इतकाच की इथे दोन्हीकडे बत्तेही आहेत आणि खलही.

यावरून कामांची ओळ नेमकी लिहिता आली. उपदाढेवर एक-दोन टेकण्याच्या जागा, त्यामुळे ती घास धरते आणि भरडते. दाढेवर अनेक, त्यामुळे ती बारीक दळते. भाजलेल्या शेंगदाण्याचे दोन तुकडे उपदाढेत होतात, त्याची चटणी दाढेतच होते.

दळण्याला खालच्या जबड्याची बाजूची हालचालही लागते. दाढेवरच्या खाचा तिथे उपयोगी पडतात. जात्याची तळी गुळगुळीत झाली की तिला टाकी लावून घेतात, कारण खाचांशिवाय दाणा नुसता घसरतो. दाढेच्या खाचांचं काम तेच, शिवाय दळलेलं बाहेर निसटायला त्याच वाटा असतात. अन्न अडकून कीड लागते तीही याच खाचांत, म्हणून ब्रश दाखवताना हा फोटो पुन्हा वापरता येईल.

कठीण वस्तू मागेच का चावतो हेही लिहिलं. अडकित्त्यात सुपारी सांध्याजवळ धरली तर कमी जोरात फुटते. जबड्याचा सांधा कानापुढे असतो आणि दाढा त्याच्या सर्वांत जवळ. जबडा आणि अडकित्ता यांत जोर लावण्याची जागा सारखी नसते, पण सांध्याजवळ दाब वाढतो ही गोष्ट दोन्हीकडे खरी. ही ओळ तक्त्यावर फक्त दाढांच्या चौकटीत घेतली.

१३ जुलै

शाळेतल्या बाईंनी मसुदा पाहून एक आक्षेप घेतला, आणि तो अगदी योग्य होता. तक्ता मोठ्या माणसाच्या दातांचा, आणि तो पाहणारी मुलं आठ ते अकरा वर्षांची. त्यांच्या तोंडात तो जुळणार नाही.

खरंच जुळत नाही. दुधाचे दात २० असतात आणि त्यांत उपदाढा नसतातच. अर्ध्या भागात २ पटाशीचे, १ सुळा आणि २ दुधाच्या दाढा. उपदाढा येतात त्या या दुधाच्या दाढांच्या जागी, साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीने मधल्या रेषेपासून मोजून चौथा दात चाचपला तर तिथे बहुधा दुधाची दाढ असेल, आणि तक्ता मात्र ‘पहिली उपदाढ’ सांगेल. मुलीचं मोजणं बरोबर आणि नाव चूक.

आणखी एक बारकावा. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सगळ्या दातांच्या मागे येते, एकही दात न पडता. त्यामुळे घरी तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ‘पडेलच ती’ म्हणून किडीकडे दुर्लक्ष होतं. तक्त्यावर सहाव्या दाताला लाल कड दिली आणि लिहिलं: ही दाढ सहाव्या वर्षी येते, पुन्हा येणार नाही.

चौथ्या आणि पाचव्या दाताच्या नावाखाली लहान अक्षरांत ‘लहानपणी या जागी दुधाची दाढ’ अशी ओळ घातली. वेगळा दुधाच्या दातांचा तक्ता करण्याचा विचार आहे, पण त्यासाठी तशी प्रतिकृती हवी.

१८ जुलै

क्रमांक घातले. बहुतेक देशांतले दंतवैद्य वापरतात ती दोन अंकी पद्धत घेतली: पहिला अंक भागाचा, दुसरा मधल्या रेषेपासूनचा. वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. तेव्हा वादाचा तो दात ४४: खालचा उजवा भाग, मधल्या रेषेपासून चौथा. उच्चार ‘चव्वेचाळीस’ नाही, ‘चार चार’. क्रमांक मधल्या रेषेपासूनच मोजतात, त्यामुळे मागून मोजण्याची चूक आपोआप टळते. मसुदे करायच्या आधीच क्रमांक घातले असते तर निम्मं काम वाचलं असतं.

नावाच्या रेघा ओढताना एक अडचण आली. दातापासून नावापर्यंतच्या रेघा हिरडीवरून गेल्या की गुलाबीवर काळी रेघ दिसते, पण पांढऱ्या दातावर तिचं टोक कुठे संपतं ते कळत नाही. टोकाला गडद निळा ठिपका दिला, तोही चावण्याच्या पृष्ठभागाच्या मध्यावर, दोन दातांच्या फटीजवळ नाही. पहिल्या छपाईत ३४ चा ठिपका फटीवर पडला होता आणि तो दोन्ही दातांचा वाटत होता.

२२ जुलै

तक्ता छापून आला. चकचकीत लॅमिनेशनवर वर्गातल्या ट्यूबचा पट्टा पुन्हा दाढांवरच पडतो, म्हणून दुसरी प्रत मॅट लॅमिनेशनची मागवली. तक्ता भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर लावला, आणि शेजारी खिळ्याला हातभर आकाराचा आरसा दोरीने बांधला.

एक दुरुस्ती बाकी आहे. आरशात पाहताना मुलाचा उजवा गाल आरशाच्या उजवीकडेच दिसतो, तक्त्यावर मात्र उजवी बाजू डावीकडे आहे. पहिल्याच दिवशी दोन मुली ४६ आणि ३६ यांत अडकल्या. पुढच्या प्रतीत समोरचा फोटो आरशासारखा उलटवून छापायचा आणि त्यावर ‘उ’ ची चिकटपट्टी पुसून उजवीकडे नव्याने ‘तुझा उजवा’ असं लिहायचं. वरून काढलेल्या खालच्या जबड्याच्या फोटोत पुढचे दात वर ठेवले आहेत, म्हणून तो तसाच राहील. वरच्या जबड्याचा उलटवावा लागेल. उलटवल्यावर क्रमांक आणि नावं पुन्हा टाइप करायची, चित्रासोबत उलटवायची नाहीत.